नवीन चष्मा करूनही अंधुक दिसतंय: आधी ऑप्टिकल, ऑप्टोमेट्रिस्ट का डोळ्याचे डॉक्टर?

प्रश्न: पप्पा ५७ वर्षांचे आहेत, शुगर आहे. चार-पाच महिने झाले अंधुक दिसतंय म्हणतात. राजारामपुरीत एका ऑप्टिकलमध्ये कॉम्प्युटरवर नंबर काढून नवीन चष्मा केला तरी फरक नाही. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशन करून घ्या. आता आधी कुणाकडे जायचं, ऑप्टिकलवाला, ऑप्टोमेट्रिस्ट का आय स्पेशालिस्ट? आणि ऑपरेशन लागतंय का नाही हे नक्की कोण ठरवणार?

उत्तर:

पप्पांना थेट डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या, आणि अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की शुगरचा पेशंट आहे, औषध घालून बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा आहे. शुगर आहे आणि नवीन नंबर लावूनही दिसत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मधे कुठं थांबायचं कारणच राहत नाही. ऑपरेशनचं त्या तपासणीनंतर बघू, आत्ता हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका.

मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोल्हापुरात बरीच वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे असे पेशंट रोज बघते. तीन माणसांत गोंधळ का होतो तर आपल्याकडं तिघंही बऱ्याचदा एकाच छताखाली बसलेले असतात, दवाखान्यातच चष्म्याचं दुकान असतं आणि दुकानातच "डोळे तपासणी मोफत" असा बोर्ड असतो, मग समोर पांढरा कोट घातलेला माणूस नक्की कोण हे कळायचं कसं.

थोडक्यात सांगते. डोळ्याचे डॉक्टर म्हणजे आधी एमबीबीएस आणि त्यावर डोळ्यांचं एमएस, डीएनबी, डीओ किंवा डीओएमएस केलेला माणूस. रोगाचं निदान, औषध, इंजेक्शन, लेझर, ऑपरेशन हे सगळं त्यांचंच काम. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे माझ्यासारखे, बी.ऑप्टम चार वर्षांचं असतं त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, काहींचा दोन वर्षांचा डिप्लोमा असतो. आम्ही नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, डोळ्याचं प्रेशर मोजतो, स्कॅन काढतो, मोतीबिंदूच्या लेन्सचं माप घेतो, आणि कुठं काय गडबड वाटली तर डॉक्टरांकडे पाठवतो, पण ऑपरेशन करत नाही आणि रोगाचं औषध लिहून देणं हे पण आमचं काम नाही. ऑप्टिशियन म्हणजे चष्मा बनवून देणारा, नंबरच्या चिठ्ठीवरून काच निवडायची, ती फ्रेममध्ये बरोबर जागी बसवायची, चेहऱ्यावर फ्रेम नीट बसवून द्यायची. हे पण कौशल्याचं काम आहे, त्याला कमी लेखू नका, त्याच्यावर पुढं येतेच.

अडचण अशी की दुकान टाकून नंबर काढायला बसणाऱ्याला आपल्याकडं आजवर फार कुणी विचारलेलं नाही. २०२१ साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचं काम आलंय, पण पेशंटने स्वतः विचारणं हाच सध्या सोपा मार्ग. "तुमचं शिक्षण काय झालंय?" एवढं विचारायला काही हरकत नाही, शिकलेल्या माणसाला याचा राग येत नाही. अनुभवावर चांगला नंबर काढणारे जुने ऑप्टिकलवाले पण आहेत, मी स्वतः काहींना ओळखते, पण तुमच्या पप्पांसारख्या केसमध्ये नंबर काढता येणं पुरत नाही.

आता मुद्द्याचं. घरातला जुना-नवा चष्मा आणि त्यासोबत मिळालेली चिठ्ठी काढा. त्यावर उजवा डोळा, डावा डोळा, स्फेरिकल, सिलिंडर, अॅक्सिस असे आकडे असतील. त्याच्या शेवटी अजून एक रकाना असायला पाहिजे, तो नंबर लावल्यावर किती दिसलं याचा, म्हणजे ६/६, ६/९, ६/१२ असं काहीतरी. ६/६ म्हणजे चार्टवरची जी ओळ नॉर्मल डोळ्याला सहा मीटरवरून वाचता येते ती याही डोळ्याला सहा मीटरवरून वाचता आली. ६/१२ म्हणजे नॉर्मल डोळा जे बारा मीटरवरून वाचतो ते वाचायला याला सहा मीटरपर्यंत जवळ यावं लागलं. हा रकाना प्रत्येक डोळ्याचा वेगवेगळा भरलेला पाहिजे.

कितीतरी चिठ्ठ्यांवर हा रकाना रिकामा असतो किंवा मशीनची छोटी पावतीच स्टेपल करून दिलेली असते. ते जे "कॉम्प्युटरवर चेक केलं" म्हणतात ना, ते मशीन फक्त अंदाज देतं. तिथून सुरुवात करून पुढं ट्रायल फ्रेम घालून एकेक काच बदलत "हे बरं का ते बरं" असं विचारत नंबर पक्का करायचा असतो. मशीनला पेशंटला किती दिसतंय हे माहीतच नसतं, डोळ्यात मोतीबिंदू असो, पडद्याला सूज असो, ते आपलं काहीतरी आकडा छापून मोकळं होतं.

आणि तुमचा निम्मा प्रश्न याच रकान्यात सुटतो. तीन शक्यता आहेत.

ट्रायल फ्रेममध्ये दोन्ही डोळ्यांना ६/६ दिसलं होतं, पण चष्मा तयार होऊन आला आणि त्यात दिसत नाही. मग परत ऑप्टिशियनकडे जा, कारण नंबर बरोबर होता, चष्म्यात काहीतरी चुकलंय. काचेचा सेंटर बाहुलीसमोर आला नाही, सिलिंडरचा अॅक्सिस फिरला, किंवा लांबचं-जवळचं दोन्ही एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेची उंची चुकली. प्रोग्रेसिव्हमध्ये तर दोन-तीन मिलिमीटरने वाचायची जागा हुकते. घरी ओळखायची खूण अशी, चष्मा बोटाने थोडा वर-खाली किंवा बाजूला सरकवला, हनुवटी वर-खाली केली आणि कुठल्यातरी एका ठिकाणी एकदम स्पष्ट झालं तर दोष बसवण्यात आहे. मोठ्या नंबरला हे जास्त जाणवतं, नंबर चार असेल आणि सेंटर पाच मिलिमीटर सरकला तर डोळ्यावर दोन प्रिझमचा ताण येतो, डोकं दुखतं, जिन्यावर पाय चुकल्यासारखं वाटतं. लेन्सोमीटरवर, म्हणजे चष्म्याचा नंबर मोजायच्या मशीनवर, चष्मा ठेवला की पाच मिनिटांत कळतं, आणि चांगला ऑप्टिशियन काच बदलून देतो.

दुसरी शक्यता, ट्रायल फ्रेममध्ये दिसलं होतं, चष्म्यातही आठ-दहा दिवस बरं दिसलं आणि मग परत बिघडलं. म्हणजे नंबर हलतोय. शुगरच्या पेशंटमध्ये पहिला संशय शुगरवर.

तिसरी, सगळ्यात चांगला नंबर लावूनही ६/६ येतच नव्हतं. मग तो चष्म्याचा प्रश्नच नाही. जगातला कुठलाही चष्मा तिथं चालणार नाही, डॉक्टरांनी डोळ्याच्या आत बघायला पाहिजे. माझ्या मते प्रत्येक ऑप्टिकलवाल्याने हे एवढं पाळलं ना, की ६/६ आलं नाही तर चष्मा न बनवता आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, तर आपल्या भागातले कितीतरी डोळे वेळेत सापडतील.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेची एक केस सविस्तर सांगते, पप्पांच्या केसशी जुळती आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

हुपरीकडचे एक काका, पंचावन्नच्या आसपास, चांदीचं बारीक काम करणारे. त्यांना पूर्वी लांबचा नंबर जवळपास नव्हता, जवळचा फक्त अधिक दोन होता. काही आठवड्यांत असं झालं की जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागलं, पैंजणाची बारीक कडी पण दिसते म्हणून घरात सगळे खूश, पण लांबचं धूसर, समोरून एसटी आली तर बोर्ड वाचता येईना. गावातल्या दुकानात वजा दीडचा नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना सारखाच, चष्मा केला, छान दिसलं. आता चाळिशीनंतर जवळचं अचानक चष्म्याशिवाय दिसायला लागणं ही खुशीची गोष्ट नसते, कारण शोधावं लागतं. मुख्य कारणं दोन, शुगर वाढलेली असणं, नाहीतर डोळ्यातल्या भिंगाच्या मधल्या भागात मोतीबिंदू धरणं. दोन्हींत नंबर मायनसकडे सरकतो.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? मोतीबिंदूचा नंबर महिनोन् महिने हळूहळू सरकतो, एकाच दिशेने जातो, आणि बहुतेक वेळा एका डोळ्यात जास्त असतो. शुगरचा नंबर दिवसांत, आठवड्यांत बदलतो, साधारण दोन्ही डोळ्यांत सारखा, आणि शुगर खाली-वर झाली की तोही हलतो. रक्तातली साखर वाढली की भिंगातही साखरेचा परिणाम होतो, आतल्या पाण्याचं प्रमाण बदलतं आणि भिंगाची ताकद बदलते, म्हणून. काकांचं दोन्हीकडं सारखं होतं आणि पटकन झालं होतं, त्यांनी शुगर वर्षभर बघितली नव्हती. चष्म्याला हात न लावता आधी लॅबला पाठवलं. उपाशीपोटी २८० निघाली, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ११ च्या पुढं.

फिजिशियन डॉक्टरांनी औषधं सुरू केली, शुगर उतरायला लागली आणि पंधरवड्यात काका तक्रार घेऊन हजर, औषधाने डोळे गेले म्हणून. लांबचं तर दिसेचना पण जवळचंही गेलं. तपासलं तर नंबर उलट फिरून प्लसमध्ये आला होता, मग वजा दीडचा चष्मा काय कामाचा. हे होतंच, शुगर झपाट्याने खाली आली की नंबर काही आठवडे प्लसकडे जातो. इथं बरेच लोक दोन चुका करतात, एक तर घाबरून शुगरचं औषध बंद करतात, नाहीतर लगेच अजून एक चष्मा करतात, जो परत महिन्यात वाया जातो. औषध अजिबात बंद करायचं नाही, आणि शुगर एका पातळीवर टिकल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबून मगच नंबर काढायचा. तोवर काम अडत असेल तर कामचलाऊ स्वस्तातला चष्मा वापरायचा, महागाची प्रोग्रेसिव्ह काच अजिबात टाकायची नाही.

सहा आठवड्यांनी नंबर स्थिर झाला, दोन्ही डोळ्यांना अधिक अर्धा. डाव्याला ६/६ आलं. उजव्याला कितीही काचा बदलल्या तरी ६/१२ च्या पुढं येईना. मग पिनहोल लावलं, म्हणजे बारीक भोक असलेली काळी चकती. नंबरमुळं अंधुक असेल तर त्या भोकातून स्पष्ट होतं, कारण कडेचे किरण अडवले जातात आणि फोकसची गरजच कमी होते. काकांचं पिनहोलने एक अक्षरसुद्धा वाढलं नाही. म्हणजे नंबर सोडून दुसरं काहीतरी आहे.

मोतीबिंदू? होता की, सुरुवातीचा. कुठल्याही कॅम्पमध्ये किंवा दुकानात टॉर्च मारून कुणी "मोतीबिंदूची सुरुवात आहे" म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण तो दोन्ही डोळ्यांत सारखाच होता, आणि डावा डोळा त्याच मोतीबिंदूसकट ६/६ वाचत होता. मग उजव्याचं ६/१२ त्याच्यावर ढकलता येत नाही. हा हिशोब फार महत्त्वाचा आहे. पन्नाशी-साठीत भिंगात थोडा पिवळेपणा बहुतेकांना असतोच, म्हणून मोतीबिंदू दिसला याचा अर्थ अंधुक दिसण्याचं कारण सापडलं असा होत नाही. जितका मोतीबिंदू आहे तितकंच अंधुक दिसतंय का, हे जुळवून बघावं लागतं.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि पडदा बघितला. उजव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो त्या जागेजवळ, पिवळसर ठिपके आणि सूज. पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन काढला, त्यात मधली जाडी ३८० मायक्रॉनच्या आसपास आली, सर्वसाधारण २५०-२७० च्या घरात असते. शुगरमुळं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपत होत्या. उपचार काय तर डोळ्यात इंजेक्शन, सुरुवातीला दर महिन्याला एक, आणि शुगर-बीपी ताब्यात. काही महिन्यांनी सूज उतरली, उजव्याला ६/९ आलं, काका परत कामावर बसतात.

आता समजा त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून घेतलं असतं तर? पडद्याला सूज असताना ऑपरेशन केलं तर ती सूज वाढू शकते, ऑपरेशन उत्तम होऊनही पेशंट म्हणतो मला पहिल्यापेक्षा कमी दिसतंय. म्हणून शुगरच्या पेशंटमध्ये पडदा बघितल्याशिवाय मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरवायची नसते. मोतीबिंदू इतका दाट असेल की आतलं दिसतच नाही, तर सोनोग्राफीसारखा बी-स्कॅन काढून जमेल तेवढा अंदाज घेतात.

पप्पांचं असंच असेल असं मी म्हणत नाही, कदाचित खरोखर मोतीबिंदूच असेल, कदाचित चष्माच चुकला असेल. पण जायच्या आधी घरी दोन गोष्टी करून बघा, म्हणजे डॉक्टरांना सांगायला बरं. एक, लांबचा चष्मा घालून एकेक डोळा तळहाताने झाका, डोळा दाबायचा नाही, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. कितीतरी लोकांना एक डोळा निम्मा गेलाय हे असं झाकल्यावरच कळतं, कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा सांभाळून घेतो. त्याच वेळी दाराच्या चौकटीची उभी कड बघायला सांगा, ती एका डोळ्याने वाकडी, नागमोडी दिसत असेल तर पडद्याचा मधला भाग गडबडलाय असं समजून लगेच जायचं. दुसरं, जाड काळ्या पुठ्ठ्याला सुईने साधारण एक मिलिमीटरचं स्वच्छ भोक पाडा आणि चष्मा घालूनच त्यातून तेच कॅलेंडर बघायला सांगा. स्पष्ट झालं तर नंबरचा भाग आहे, नाही झालं किंवा अजून बिघडलं तर आतला भाग आहे. फक्त यावर शेवटचा निर्णय घेऊ नका, कारण थोडा मोतीबिंदू असेल तरी पिनहोलने कधीकधी सुधारतं, आणि काचबिंदूत तर शेवटपर्यंत मधलं ६/६ राहू शकतं.

काचबिंदूचं नाव निघालंच तर रुटीन तपासणीचं इथंच सांगते. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, सुरुवातीला अंधुकही करत नाही, बाजूची नजर चोरून नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळं "मला दिसतंय की, मग कशाला तपासू" हे इथं चालत नाही. चाळिशीनंतर वर्ष-दोन वर्षांनी एकदा डॉक्टरांकडून प्रेशर आणि डोळ्यामागची नस बघून घ्यायची, आई-वडील किंवा भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर आधीपासूनच. प्रेशर नुसतं मोजून भागत नाही, साधारण १० ते २१ ला नॉर्मल म्हणतात पण त्या आकड्यांतही काचबिंदू असतो, म्हणून नस बघायलाच पाहिजे. शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा, टाइप टू शुगर कळली त्या दिवसापासूनच, दिसायला काही त्रास नसला तरी. बाकी तब्येत ठणठणीत, विशी-तिशीतला माणूस, फक्त नंबर वाढल्यासारखा वाटतोय, तर शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे आधी गेलात तरी चालतं, तो पुढं पाठवायचं असेल तर पाठवेल.

लहान मुलांचं मात्र वेगळं. मुलांचा नंबर दुकानात कॉम्प्युटरवर काढून चष्मा करू नका. मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्याचा जोर लावतात आणि नसलेला मायनस नंबर निघतो. त्यांना थेंब घालून तो जोर सैल करून नंबर काढावा लागतो, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीत होतं. एक डोळा आळशी असेल तर सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर उपचाराला चांगली साथ देतो, नंतर अवघड जातं, म्हणून शाळेत घालायच्या आधी एकदा तपासून घ्या, तिरळेपणा दिसत असेल तर त्याहून आधी.

आणि काही वेळा असा विचार करत बसायचाच नसतो. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, डोळ्यासमोर विजेसारखे चमकारे आणि काळे ठिपके एकदम वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, डोळा लाल होऊन प्रचंड दुखतोय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. रात्री कुणी भेटलं नाही तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. शिरोलीत, गोकुळ शिरगावात ग्राइंडरवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कण गेला की शेजारचा कामगार काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढतो, हे कृपा करून थांबवा, आणि छिन्नी-हातोड्याने उडालेला तुकडा असेल तर डोळा चोळायचा नाही, धुवायचा नाही, वरून वाटीसारखं काहीतरी झाकून न्यायचं. चुना किंवा अॅसिड गेलं असेल तर मात्र उलट, आधी तिथंच स्वच्छ पाण्याने कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, मगच निघायचं.

आता ऑपरेशन कोण ठरवणार. लागतंय का नाही हे डॉक्टर सांगणार, करायचं कधी हे पप्पा ठरवणार, कारण साधा मोतीबिंदू सहसा घाईचा नसतो. "पिकू दे मग बघू" हा जुन्या काळचा विचार आता धरायचा नाही, पण सुरुवात दिसली की लगेच काढा हेही बरोबर नाही. रोजच्या कामाला अडथळा होतोय का ते बघायचं, म्हणजे रात्री गाडी चालवताना समोरच्या लाइटने डोळे दिपतात, पेपर वाचता येत नाही, चष्मा बदलून भागत नाही. तो अडथळा मोतीबिंदूमुळंच आहे हे डॉक्टरांनी पडदा, नस, प्रेशर बघून सांगितलं की मग ऑपरेशन. फार पिकून फुगलेला, प्रेशर वाढवणारा मोतीबिंदू असेल तर मात्र थांबत नाहीत. ऑप्टिकलवाला किंवा माझ्यासारखी ऑप्टोमेट्रिस्ट तुम्हाला मोतीबिंदू असावा असं सांगू शकते, तुम्हाला पाठवू शकते, ऑपरेशन करा असं सांगणं आमच्या अधिकारात नाही. कुणी "आजच अॅडमिट व्हा, ऑफर आहे" म्हणत असेल तर उठून दुसरं मत घ्या. सीपीआरमध्ये नेत्र विभाग आहे, तिथंही दुसरं मत घेता येतं, गर्दीत वेळ जातो पण डॉक्टर तपासतात.

डॉक्टरांना विचारायचं ते असं: बाहुली मोठी करून पडदा बघितला का, शुगरचा परिणाम आहे का, असला तर आधी त्याचा उपचार करायचा का, आणि ऑपरेशननंतर या डोळ्याला किती दिसेल असा तुमचा अंदाज आहे. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण पडदा अशक्त असेल तर ऑपरेशन चांगलं होऊनही ६/६ येणार नाही, आणि हे आधी कळलेलं बरं. लेन्स निवडताना पण हेच लागू, पडद्यावर शुगरचा परिणाम असेल तर लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारी महागडी मल्टिफोकल लेन्स बहुतेक डॉक्टर टाळतात, कारण ती लेन्स येणारा प्रकाश वाटून देते आणि अशक्त पडद्याला तो कमी पडतो. साधी, एकाच अंतराचं दिसणारी मोनोफोकल टाकून जवळचा चष्मा वापरलेला बरा.

लेन्सचा नंबर मोजायचं काम बहुतेक आमच्याकडे असतं, डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतो. लांबीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे साधारण अडीच-तीन नंबरची चूक, म्हणून माप घेताना पप्पांना हलू नका म्हणून वारंवार सांगतील, त्याचा कंटाळा करू नका, आणि दोन्ही डोळ्यांची मापं घ्यायला सांगा, म्हणजे एकमेकांशी ताडून बघता येतं.

तपासणीला जाताना बरोबर काय न्यायचं: जुना आणि नवा दोन्ही चष्मे, सगळ्या चिठ्ठ्या, गेल्या तीन महिन्यांतला शुगरचा आणि एचबीए१सीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कुठले थेंब आणून घालत असतील तर ती बाटली पण. लाल डोळ्यासाठी म्हणून आणलेल्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने प्रेशर वाढतं आणि मोतीबिंदूही होतो, आणि विचारल्याशिवाय पेशंट हे सांगतच नाहीत. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, त्यामुळं पप्पांना टू-व्हीलरवर एकटं पाठवू नका, तुम्ही बरोबर जा आणि काळा गॉगल न्या. आणि नवीन चष्मा आत्ता करू नका, आधीच केलेला तो ऑप्टिकलवाल्याकडून लेन्सोमीटरवर चिठ्ठीशी ताडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन ठरलंच तर त्यानंतरचा पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी निघतो, तो ऑप्टोमेट्रिस्टकडून काढून घ्या, चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांना किती दिसलं तो रकाना भरून घ्या आणि मग ऑप्टिकलमध्ये फ्रेम बघायला जा.